मुलगा होण्याची शक्यता

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आहे आणि जिन्याखाली माझं झेरॉक्सचं दुकान. मशीनवर लावलेला कागद वाचायचा नाही, अशी शिस्त काही लोक पाळतात. मी पाळली नाही. शाळेनं मला आणि मी शाळेला लवकरच सोडून दिलं होतं. पुढचं सगळं शिक्षण त्या काचेवर झालं. पेशी, हाडं, फुलाचे भाग, सगळं माझ्या हाताखालून गेलं. विद्यार्थी संघर्ष समिती नावाची एक संघटनाही त्याच दुकानातून चालते. अध्यक्ष, चिटणीस आणि घोषणा देणारा, तिन्ही मीच. हे एवढ्यासाठी सांगतोय, की ज्या बाईंबद्दल लिहायला बसलोय त्यांना मी कुठून ओळखतो, हा प्रश्न राहू नये.

बाईंना पोरं ‘दोन-तृतीयांश’ म्हणायची. तोंडावर बाई, पाठीमागे दोन-तृतीयांश. क्लासमध्ये शिकवणारे वेगळे आणि शंका सोडवणारे वेगळे. शिकवणाऱ्यांना माईक, फळा, टाळ्या. शंका सोडवणाऱ्यांना खिडकी. पूर्वी तिथं प्रवेशाचे अर्ज घ्यायचे, म्हणून तिला जाळी होती आणि जाळीत खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. वर पाटी: ‘डाउट. जीवशास्त्र.’ आत एक ट्यूबलाइट, एक टेबल, एक छोटा पांढरा बोर्ड आणि बाई. आनुवंशिकीचं काही अडलं की पोरं भोकातून कागद आत सरकवायची. बाई कागद फिरवून घ्यायच्या आणि विचारायच्या, “काय अडलं?”

नाव का पडलं तेही सांगतो. एक दिवस मी बाईंचे प्रश्नसंच द्यायला वर गेलो होतो, तेव्हा रांगेतला एक उंच पोरगा खिडकीशी वाकून उभा होता.

“आईबाप नॉर्मल. भाऊ अल्बिनो. बहीण नॉर्मल,” बाई म्हणाल्या. “ती वाहक असण्याची, म्हणजे दोष तिच्यात लपलेला असण्याची शक्यता किती?”

“अर्धी. चारातले दोन वाहक असतात ना बाई.”

“ती स्वतः अल्बिनो आहे का?”

“नाही. नॉर्मल लिहिलंय.”

“मग चौथ्याला कशाला धरून ठेवलंय? नातेवाईक आहे तुझा? खोड त्याला. किती उरले?”

“तीन.”

“त्यांतले वाहक?”

“दोन.”

पोरगा डोकं खाजवायला लागला आणि मागची सगळी रांग एका सुरात ओरडली, “दोन-तृतीयांश!” बाईंनी जाळीतून मान वर करून पाहिलं. “शाबास. परीक्षेत रांग नसते मागं, लक्षात ठेवा.”

जे कळलं आहे ते आधी वजा करा, मग शक्यता काढा. एवढंच त्यांचं शास्त्र. ते त्या रोज सांगायच्या, आणि रोज नव्या माणसाला. कारण या खिडकीची गंमतच अशी होती. अडलं की माणूस यायचा, सुटलं की जायचा. सुटलेला माणूस परत कशाला येईल? वर्गातल्या सरांना निकालाच्या दिवशी हार घालायचे, पेढ्यांचा बॉक्स न्यायचे, पाया पडायचे. बाईंच्या खिडकीकडे त्या दिवशी रांगच नसायची. त्या आत बसून बोर्ड पुसत असायच्या. एकदा मी म्हटलं, “तुमची पण किती पोरं लागली असतील, बाई.” तर म्हणाल्या, “लागली असतील. मला फक्त न येणारी दिसतात.”

राहायला एका टायर रिमोल्डच्या दुकानावरच्या खोलीत. त्यांच्याकडं कधी पाहुणा आलेला मी पाहिला नाही. डबा एकटीचा, छत्री एकटीची. क्लासमध्ये सहकाऱ्यांची सहल निघाली तर यांना कुणी तरी नंतर फोटो दाखवायचं. वागायला तुसड्या अजिबात नव्हत्या, उलट जिभेला धार होती, हसायच्याही. पण माणसांनी त्यांना पाटीसकट पाहिलं होतं. ‘डाउट’ लिहिलेल्या पाटीखाली बसलेल्या माणसाशी तुम्ही उगीच बोलत नाही.

आणि मग ती पोरगी आली.

आपल्या भाषेतल्या तुकडीतली. वसतिगृहात राहायची. मागच्या वर्षी थोडक्यात हुकली होती, घरच्यांनी हेच एक वर्ष दिलं होतं. यंदा नाही जमलं तर गावी परत आणि मामांनी पाहून ठेवलेलं स्थळ. हे तिनं स्वतःच सांगितलं होतं, हसत हसत, जसं काही दुसऱ्याच कुणाचं. कुठल्याही उत्तराला ती “पण का?” म्हणायची. बाईंनी तिचं नाव ‘पणका’ ठेवलं.

पहिल्यांदा ती वंशावळीचा प्रश्न घेऊन आली होती. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आडवी रेघ लग्नाची, भरलेला आकार रोग असलेल्याचा. दुर्मिळ रोग, तीन पिढ्या, आणि घरात बाहेरून आलेली एक सून. उत्तरात तिला सरळ निरोगी धरून टाकली होती.

“पण का?” पोरगी म्हणाली. “ती वाहक नसेल कशावरून?”

“कशावरूनच नाही. रोग दुर्मिळ आहे, ती दुसऱ्या घरातली आहे, आणि प्रश्नात वेगळं काही सांगितलेलं नाही. म्हणून तिच्यात दोष नाही असं धरायचं.” मग जाळीतून थोडं पुढं वाकून बाई म्हणाल्या, “बाहेरून आलेल्या बाईला निर्दोष धरून चालतात अशी ही एकच जागा आहे, पणका. नीट पाहून घे.”

पोरगी खो खो हसली. रांगेतल्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. बाईंनी हात पुढं केला, “आण. काय अडलं?”

“काही नाही. असंच.”

मी तेव्हा तिथं नव्हतो; हे बाईंनीच मला नंतर सांगितलं, आणि ‘असंच’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू अभ्यासक्रमात नवीन आलाय. त्यानंतर मधल्या सुट्टीत पणका डबा घेऊन खिडकीशी उभी राहून जेवायची. उभ्या उभ्या घास अडकतो म्हणून बाईंनी एक स्टूल मागवलं. शिपाई म्हणाला, खिडकीबाहेर स्टूल ठेवायची पद्धत नाही. बाई म्हणाल्या, “मग पद्धत पाड.” स्टूल आलं.

दोघींचं बोलणं तरी काय? आनुवंशिकीच. पोरगी स्वतः प्रश्न रचून आणायची, बाईंना कोड्यात पाडायला बघायची. एकदा तिनं असं कुटुंब काढलं की आईबाप दोघं आजारी आणि मुलगी निरोगी, आणि विचारलं, रोग प्रभावी की अप्रभावी? बाई म्हणाल्या, “प्रभावी. अप्रभावी असता तर निरोगी जनुक देणार कोण, दोघांकडं तर ते नाहीच. पण तुझा जावई कुठं गेला? रेघ काढलीस, चौकोन नाही.” पणका म्हणाली, “पळून गेला, बाई. तुमच्या प्रश्नांना घाबरून.” जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघी हसत होत्या. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. बाईंचं ते हसणं मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

क्लासची रीत अशी, की वर्षाच्या मध्यावर एक निवड चाचणी. तीत वर आलेल्यांची अ तुकडी. ती रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत, तिला वेगळे शिक्षक, वेगळी अभ्यासिका, शंकांना वेगळी खोली. मेडिकलला लागणारी बहुतेक पोरं तिथलीच. पणकाच्या दृष्टीनं अ तुकडी म्हणजे डॉक्टरकी आणि ती हुकली म्हणजे मामांचं स्थळ. मधलं काही नव्हतं.

निकाल लागला त्या दुपारी ती माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर प्रश्नपत्रिका आपटली.

“काका, हे वाचा. आणि वाचून मला सांगा मी वेडी आहे का.”

एका प्रश्नानं तिची अ तुकडी गेली होती. प्रश्न असा: सामान्य दृष्टीच्या एका स्त्रीचे वडील रंगांध होते. तिचा नवरा सामान्य दृष्टीचा आहे. त्यांचा मुलगा रंगांध असण्याची शक्यता किती? पर्याय चार. तिनं एक-द्वितीयांश निवडलं होतं. उत्तरतालिकेत होतं एक-चतुर्थांश. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, म्हणजे गेले ते गेले आणि वर दंड.

माझ्यापुरतं मी गणित मांडलं. बापाकडून मुलीला त्याचं एकुलतं एक्स गुणसूत्र मिळतं, ते बिघडलेलं. म्हणजे ही बाई वाहक. मुलाला एक्स आईकडूनच येतं, दोनातलं एक. मुलगा असेल तर तो रंगांध असण्याची शक्यता अर्धी. पोरगी बरोबर होती.

मग तिनं इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणीचा पेपर पुढं ठेवला. तिथं त्याच प्रश्नाचा अर्थ होत होता: त्यांना रंगांध मुलगा होण्याची शक्यता किती? आता हे वेगळं प्रकरण झालं. इथं मुलगा झालाय हे धरलेलं नाही. आधी मुलगा व्हायला हवा, ते अर्धं. मग तो रंगांध निघायला हवा, ते त्याचं अर्धं. म्हणजे पाव. एक-चतुर्थांश.

शब्द तेच, मागं-पुढं झालेले, आणि उत्तर निम्मं झालेलं. माझं डोकं तापलं. आपल्या भाषेत शिकणाऱ्या पोरांना हे लोक कायम उरलंसुरलं वाढतात, हा माझा जुना राग. त्यात हा पेपर म्हणजे तेल पडलं. मशीन तसंच चालू ठेवून मी पोरीला घेऊन वर गेलो.

क्लासचे संचालक थंड खोलीत बसतात. मला पाहून त्यांनी चष्मा काढला. माझ्याशी भांडायचं असलं की ते चष्मा काढतात.

“बोला पुढारी. आज कशाचा मोर्चा?”

मी दोन्ही पेपर समोर ठेवले. त्यांनी वाचले. “अर्थ एकच आहे की. रंगांध मुलगा, मुलगा रंगांध. शब्द इकडचा तिकडं.”

“असं?” मी म्हटलं. “बसमध्ये खिडकीची जागा मिळण्याची शक्यता आणि मिळालेली जागा खिडकीची असण्याची शक्यता, एकच का हो? पहिल्यात उभं राहायची पाळी पण मोजायची असते. दुसऱ्यात ढुंगण टेकलेलं आहे.”

“भाषा सांभाळा.”

“भाषाच सांभाळायला आलोय.”

पोरगी शांतपणे म्हणाली, “सर, इंग्रजी पेपरात मुलगी झाली तर तीही चारात मोजायची. आमच्या पेपरात मुलगी झालेलीच नाही.”

संचालकांना कळलं. चेहऱ्यावरून दिसलं की कळलं. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. त्यांनी प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान उघडून बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात होतं: भाषांतराबाबत वाद झाल्यास इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जाईल. “नियम आहे. सगळीकडं हाच असतो. आणि चूक झाली असेल तर ती टायपिंगवाल्याची. त्याला मी आजच्या आज काढतो. समाधान?”

आणि खरंच घंटी वाजवली. टायपिंगवाला आला. किडकिडीत, लग्नाच्या वयाचा माणूस. टेबलापासून लांबच उभा राहिला. मीही कमी नाही, मीही त्याच्यावर ओरडलो, “तुला वाचता येत नाही तर छापतोस कशाला रे?” तो नुसता म्हणत राहिला, “जसं आलं तसं केलं, साहेब. जसं आलं तसं.”

तेवढ्यात बाई दारात. आवाज खिडकीपर्यंत गेला असणार. त्यांनी कधी संचालकांच्या खोलीत पाऊल टाकलेलं मला माहीत नाही. हाताला मार्करची शाई होती.

“त्याला सोडा,” त्या म्हणाल्या. “ते वाक्य मी बदललं.”

संचालकांनी चष्मा पुन्हा लावला.

“प्रश्न माझाच. आधी मी ‘रंगांध मुलगा होण्याची शक्यता’ असंच लिहिलं होतं. त्यावरून इंग्रजी झालं. छपाईच्या आदल्या दिवशी शेवटचं वाचन माझ्याकडं आलं, तेव्हा मी आपल्या भाषेतली ओळ फिरवली. इंग्रजी तशीच राहिली. उत्तरतालिकाही जुनीच राहिली.”

“पण का?” हे पणका नाही, संचालक म्हणाले.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. “वाचताना खटकलं.”

“खटकलं म्हणजे?”

“खटकलं म्हणजे खटकलं. कारण परीक्षेत येत नाही.” मग एकदम खिडकीतला आवाज लावून म्हणाल्या, “तुमचा नियम भाषांतर चुकलं तर लागतो. इथं भाषांतर चुकलेलं नाही. इथं दोन वेगळे प्रश्न छापलेत आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक आहेत. एकाचं उत्तर पाव, दुसऱ्याचं अर्धं. ज्यानं जो वाचला, त्याचं ते उत्तर. प्रश्न काढणारी मी आहे आणि मी सांगतेय.”

“लिहून द्याल?”

“कागद द्या.”

“बाई, मग पुढच्या पेपरांना तुमचा हात लागणार नाही, हे लक्षात घ्या.”

“खिडकी राहील?”

“खिडकी राहील. तिथं दुसरं कोण बसणार आहे?”

त्यांनी उभ्यानंच लिहून दिलं. संचालक हिशेबी माणूस. कुणाचे गुण कापले तर पालक येतील, म्हणून कापले कुणाचेच नाहीत, आपल्या भाषेत अर्धं लिहिणाऱ्यांना तेवढे वाढवून दिले. पणका अ तुकडीत गेली. तिथंच, दाराबाहेर, ती बाईंच्या गळ्यात पडली. बाईंचे हात मात्र बाजूला सरळ राहिले होते, शाई लागेल म्हणून असेल. किंवा अशा वेळी हात कुठं ठेवायचे, हे विसरायला झालं असेल.

“अभ्यास कर,” त्या म्हणाल्या. “आणि वाक्य शेवटपर्यंत वाचत जा.”

“मी वाचलं होतं, बाई!”

“हो. तू वाचलं होतंस.”

संध्याकाळी क्लास सुटल्यावर त्या जिना उतरून आल्या. एरवी छत्री उघडत सरळ निघून जायच्या, त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर टेकल्या. मी चहा मागवला. चांगल्या मूडमध्ये होतो. लढाई जिंकल्यावर मी असतोच.

“बाई, एक विचारू? काय खटकलं त्या ओळीत?”

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. पलीकडच्या इमारतीत अभ्यासिकेचे दिवे लागत होते.

“तुम्ही पुढारी लोक सोडत नाही.” मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “माझी सासू रोज विचारायची. रोज म्हणजे रोज. ‘एवढी शिकलीस, तर सांग बघू, तुला मुलगा होण्याची शक्यता किती?’ एकदा मी खरं उत्तर दिलं. एक-द्वितीयांश.”

मला हसू फुटलं. त्याही हसल्या.

“तुम्ही हसलात. तिथं ताट फेकलं होतं. उलट बोलते म्हणून. मी उलट बोललेच नव्हते हो, प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. नंतर तर मुलगा काय, मुलगी काय, काहीच राहिलं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. वंशावळीत त्याला छोटा त्रिकोण काढतात, माहितेय? आणि तुटलेल्या लग्नाच्या रेघेवर दोन तिरक्या रेघा मारतात.”

“पोरांना शिकवत नाही तुम्ही हे?”

“परीक्षेत येत नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “इतकी वर्षं झाली, मला वाटलं नुसते शब्द आहेत. शेकडो वेळा बोलले असेन खिडकीतून, त्रास नाही झाला. पण त्या दिवशी छापलेले पाहिले. एकटीच बसले होते, बोर्ड पुसून झाला होता. ‘मुलगा होण्याची शक्यता किती?’ समोर बसून कुणी विचारावं तसं. वाटलं, शब्द जरा मागंपुढं केले तर काय बिघडतंय.” मग म्हणाल्या, “दुसऱ्यांना शिकवते, एक शब्द हलला की उत्तर हलतं. आणि उत्तर हललं तेही बघा कुठं जाऊन बसलं. अर्ध्यावर. मी सासूला दिलेल्याच उत्तरावर.”

मी त्यांचा कप उचलून काउंटरवर ठेवला.

त्यांनी छत्री उचलली. जाताना म्हणाल्या, “टायपिंगवाल्याची माफी मागा उद्या. तुम्ही फार ओरडलात त्याच्यावर.” मागितली.

अ तुकडीला रस्त्यापलीकडं जेवणाची खोली आहे. शंकांची वेगळी खोली आहे, तिथं जाळी नाही, गोल टेबल आहे. पणका पहिल्या आठवड्यात एकदा धावत येऊन गेली, नवीन ओळखपत्र दाखवायला. बाईंनी फोटो निरखला, म्हणाल्या, “घाबरल्यासारखी का दिसतेस?” मग ती यायची थांबली. यात तिचा काय दोष? सकाळी सातला तिचा वर्ग भरायचा आणि रात्री दिवे मालवेपर्यंत अभ्यासिका. हे वर्ष तिनं दातांत धरलं होतं. ज्यासाठी आपण भांडलो, तेच तर ती करत होती. मला हे सगळं पटत होतं, तरी मधल्या सुट्टीत प्रश्नसंच द्यायला वर गेलो की ते स्टूल नजरेत खुपायचं. कुणी त्यावर दप्तर ठेवायचं, कुणी बूट बांधायला पाय. शिपायानं दोनदा विचारलं, आत ठेवू का? बाई म्हणाल्या, “असू दे. अडचण होत नाही.” डबा त्या पुन्हा आत, बोर्डाकडं तोंड करून खायच्या.

परीक्षेच्या थोडं आधी एका दुपारी पणका आली. मी खिडकीशीच होतो. रांगेत ती चौथी की पाचवी होती, आणि रांगेतच उभी राहिली. पुढचे तिला ओळखत नव्हते. बाईंनी तिला लांबूनच पाहिलं असणार, कारण पुढच्या पोराला त्यांनी एका वाक्यात वाटेला लावलं. तिची पाळी आली. बाई भोकाजवळ वाकल्या आणि काही न विचारता थांबल्या. ‘असंच’ म्हणायला जागा ठेवली होती त्यांनी. मला तरी तसं दिसलं.

पणकानं कागद आत सरकवला. “बाई, पटकन. तिकडची शंकांची खोली आज बंद आहे. आईबाप दोघं वाहक, तीन मुलं. तिघांतलं नेमकं एक आजारी असण्याची शक्यता. मी पाव गुणिले तीन-चतुर्थांश गुणिले तीन-चतुर्थांश केलं. नऊ-चौसष्टांश. पर्यायच नाही तसा.”

बाईंनी कागद फिरवून घेतला. “कुठलं मूल आजारी, ते सांगितलंय?”

“नाही.”

“मग तू का ठरवलंस पहिलंच म्हणून?”

पोरगी थबकली. ओठ हलले. “पहिलं असेल, किंवा दुसरं, किंवा तिसरं. तीन वेळा. सत्तावीस-चौसष्टांश.” डोळे चमकले तिचे. “सुटलं! थँक यू, बाई!”

“‘पण का’ नाही विचारलंस.”

“अहो वेळ कुठंय!” ती हसली, कागद ओढून घेतला आणि जिन्याकडं पळाली. जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग रस्त्यावरचा आवाज त्यात मिसळला.

बाई मार्करचं टोपण लावत होत्या. ते बसत नव्हतं. बसलं. मग मागचे दोघे-तिघे आले, त्यांचं अडलं होतं ते सुटलं, तेही गेले.

मी स्टूलवर बसलो. कशाला बसलो मलाही सांगता येत नव्हतं. खाली दुकान उघडं होतं, मशीनवर कुणाचे तरी कागद होते. बाईंनी जाळीतून पाहिलं आणि सवयीनं हात पुढं केला.

“काय अडलं, पुढारी?”

“काही नाही.”

“मग उठा. मागं रांग आहे.”

मी वळून पाहिलं. मागं कुणीही नव्हतं. लांबच्या लांब व्हरांडा, त्यावर कठड्याच्या गजांच्या सावल्या.

मी उठलो नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी डबा उघडला आणि खुर्ची बोर्डाकडून फिरवून खिडकीकडं केली.